डॉक्टरच्या भूमिकेतला डॉक्टर खरा आहे का?

आज बोलायचंय ते एका तेलाच्या बाटलीवरून सुरू झालेल्या गोष्टीबद्दल.

आमच्या रायपूरला तात्यापाऱ्यात माझी एक मावशी राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, आणि मोबाईल माझ्यापेक्षा जास्त चालवते. गेल्या दिवाळीच्या आसपास मी तिच्याकडे गेलो, तर टेबलावर गुडघ्याच्या तेलाच्या तीन बाटल्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र डब्यात तशाच. मी विचारलं, तर तिने एक क्लिप दाखवली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि एक ओळखीचा चेहरा. एका हिंदी मालिकेत तो बरीच वर्षं डॉक्टरचं काम करायचा. मी म्हटलं, "मावशी, हा नट आहे." ती म्हणाली, "नट आहे, पण खरा डॉक्टर पण आहे. ग्रुपवर आलंय. आपले लागू नव्हते का?"

आता "आपले लागू नव्हते का" याला मी काय उत्तर देणार? होतेच की. मराठी माणसाची हीच पंचाईत आहे. दुसऱ्या भाषांतल्या प्रेक्षकाला "नट खरोखरचा डॉक्टर आहे" असं सांगितलं तर तो आधी शंका घेईल. आपण घेत नाही. आपल्या नाटकाच्या जाहिरातीत आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'डॉ.' हे अक्षर इतक्या वेळा आलंय की आपल्याला त्यात नवल वाटत नाही. म्हणून मी त्या दिवशी वाद घातला नाही. तपासायचं ठरवलं. तपासता तपासता माझ्या लक्षात आलं की "हा खरा डॉक्टर आहे" या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न लपलेले असतात. पदवी कसली? ती त्याच्याकडे खरंच आहे का? भूमिका केली तेव्हा तो व्यवसाय करत होता का? आणि पडद्यावरचं काम त्याच व्यवसायाचं होतं का? फॉरवर्ड लिहिणारा या चारही प्रश्नांना एकच 'हो' देऊन मोकळा होतो.

आधी आपल्या घरचंच उदाहरण घेऊ, म्हणजे मावशीचं बोलणंही तपासलं जाईल.

'सामना' हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. आता यातले डॉक्टर मोजा. दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ. मास्तरांचं काम करणारे श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे सर्जन. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून आलेले. एवढं असून डॉक्टर म्हणून लक्षात राहावी अशी भूमिका या तिघांपैकी एकाच्याही वाट्याला त्या सिनेमात नाही. एक मास्तर आहे, एक गायब झालेला माणूस आहे आणि एक कॅमेऱ्यामागे आहे.

लागूंची बाकीची कामं आठवा. 'नटसम्राट'मध्ये नट, 'पिंजरा'मध्ये शाळामास्तर, रिचर्ड अॅटनबरोच्या 'गांधी'त गोपाळ कृष्ण गोखले. हिंदीत तर वकील, न्यायाधीश, शेठजी, बाप असं काय काय. त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मोठ्या भूमिकांत डॉक्टर शोधावा लागतो. म्हणजे "लागू खरे डॉक्टर होते" हे शंभर टक्के खरं आणि "खरा डॉक्टर डॉक्टरच्या भूमिकेत" या यादीत त्यांचं नाव टाकणं मात्र चुकीचं. मला आलेल्या फॉरवर्डमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होते.

आता तिसरा प्रश्न, तारखेचा. लागूंनी पुण्यात प्रॅक्टिस केली, कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन शिकले, टांझानियात सर्जन म्हणून नोकरी केली. तोवर नाटक चालूच होतं, पण हौशी. १९६९ साली वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून ते पूर्ण वेळ नट झाले. 'नटसम्राट' रंगमंचावर आलं डिसेंबर १९७० मध्ये. म्हणजे ज्या नाटकामुळे ते घराघरात पोचले, त्याच्या आधीच सर्जनचं काम मागे पडलं होतं. हे सगळं त्यांच्या 'लमाण' या आत्मचरित्रात आणि नाटकांच्या नोंदींत सापडतं. त्यासाठी कुठल्या यादीवर विसंबायची गरज नाही.

आगाशेंचं उदाहरण मला त्याहून गमतीचं वाटतं. गमतीचं म्हणजे विचार करायला लावणारं. हा मानसोपचाराचा प्राध्यापक, पुण्यातल्या मानसिक आरोग्य संस्थेचा संस्थापक संचालक. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये त्यांनी काम केलं ते स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचं. डॉक्टर पेशंट झाला. व्यवसायाचा उपयोग इथे नक्की झाला असणार, कारण असे पेशंट त्यांनी आयुष्यभर समोर बसवून पाहिले. पण 'व्यवसाय तोच, भूमिका तीच' या चौकटीत ते बसत नाही. नुसत्या याद्या करणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

आणि 'डॉ.' या अक्षराचं काय? काशीनाथ घाणेकर डॉक्टर होते, म्हणजे दंतवैद्य. हेमू अधिकारी डॉक्टर होते, पण ते भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. निलेश साबळे डॉक्टर, ते आयुर्वेदाचे. अमोल कोल्हे डॉक्टर, ते एमबीबीएस. चौघांच्या नावामागचं अक्षर एकच, पण नोंद शोधायला गेलात तर चार वेगळ्या दारांवर जावं लागेल.

ही दारं कुठली, ते आता सांगतो. इथे जरा सावकाश चालू, कारण मावशीच्या तेलाचा निकाल इथेच लागला.

एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्यांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या nmc.org.in या साइटवर भारतभरातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची यादी आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते. नावाने शोधता येतं, नोंदणी क्रमांकाने शोधता येतं, राज्याची परिषद निवडून शोधता येतं. उत्तरात नाव, वडिलांचं नाव, नोंदणीचं वर्ष, परिषद, पदवी आणि विद्यापीठ दिसतं. दंतवैद्य या यादीत नसतात, त्यांची डेंटल कौन्सिल निराळी. आयुर्वेदाची आणि होमिओपॅथीची परिषदही निराळी. आणि पीएच.डी. वाल्यांसाठी अशी एक यादीच नाही. तिथे विद्यापीठ आणि प्रबंध शोधावा लागतो.

मी क्लिपमधल्या नटाचं नाव टाकलं. तीन डॉक्टर निघाले. ग्रुपवरच्या लोकांनी इथेच टाळी दिली असती, "बघा, नाव आहे!" पण नाव जुळणं म्हणजे माणूस जुळणं नव्हे. शर्मा, वर्मा, जोशी, पाटील या आडनावांत तर तीन काय, तीस निघतील. म्हणून मी वर्ष पाहिलं. पहिल्या डॉक्टरची नोंदणी सत्तरच्या दशकातली. नट स्वतःचं जे वय सांगतो, त्याप्रमाणे तो तेव्हा शाळेत होता. एमबीबीएस आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात, त्यामुळे तेवीस-चोवीसच्या आधी कुणाची नोंदणी होणं अवघड. दुसरा डॉक्टर दक्षिणेतल्या राज्याचा, वडिलांचं नाव वेगळं. तिसऱ्याची नोंदणी झाली त्याच वर्षी आपला नट मुंबईत रोज मालिकेचं शूटिंग करत होता, आणि पदवीचं विद्यापीठ होतं पार दुसऱ्या टोकाला. तिन्ही गेले.

तरीही मी मावशीला "हा खोटा आहे" असं सांगितलं नाही. यादीत नसणं हा पुरावा कच्चा असतो. राज्यांकडून नोंदी उशिरा येतात. इंग्रजी स्पेलिंग बदलतं. लग्नाआधीच्या नावाने नोंदणी केलेल्या डॉक्टरीणबाई आडनाव बदलल्यावर सापडत नाहीत. नटाने पडद्यासाठी नाव बदललेलं असू शकतं. आणि आपल्या रायपूरकरांची तर आणखी एक खास भानगड आहे. छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० ला. त्याआधी नोंदणी केलेला इथला डॉक्टर छत्तीसगडच्या परिषदेत शोधाल तर कदाचित मिळणार नाही. तो मध्य प्रदेशाखाली किंवा 'महाकोशल' नावाच्या जुन्या परिषदेखाली असू शकतो. हे ठाऊक नसलेला माणूस आमच्या गल्लीतल्या चांगल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना बोगस ठरवून मोकळा होईल.

म्हणून दुसऱ्या बाजूने गेलो. हा दावा पहिल्यांदा कुठे केला गेला? "खऱ्या आयुष्यातही डॉक्टर" हे वाक्य मला आठ-दहा ठिकाणी सापडलं. शब्दही तेच, चुकाही त्याच. आठ ठिकाणी आहे म्हणजे आठ पुरावे, असं वाटतं. पण सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलेलं असेल तर तो पुरावा एकच, आणि तोही कुणाचा ते ठाऊक नाही. तारखा लावत मागे गेलो, तर सगळ्यात जुनी जागा निघाली मालिकेच्या जाहिरातीची. तिथे भूमिकेचं नाव होतं, 'डॉ.' लावून. पुढे कुणीतरी नटाचं नाव टाकलं आणि 'डॉ.' तसंच ठेवलं. बस, डॉक्टर तयार. त्याच नटाची त्याआधीची एक मुलाखत मिळाली. त्यात तो स्वतः सांगतो की मी कॉमर्सचा, वडिलांना मी सीए व्हायला हवा होतो. त्या बिचाऱ्याने डॉक्टर असल्याचं कधी म्हटलेलंच नव्हतं.

जगात हे जुनंच आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये खोकल्याच्या औषधाच्या एका जाहिरातीत मालिकेतला डॉक्टर आला आणि त्याने आधी कबुली दिली की मी डॉक्टर नाही, टीव्हीवर डॉक्टरचं काम करतो. आणि मग औषध विकलं! दोन वर्षांनी दुसऱ्या मालिकेतला दुसरा नट घेऊन तेच केलं. कबुली देऊनही माल खपतो, तर कबुली न देता किती खपत असेल?

आता एक गोष्ट, जी माहीत असती तर मला ही सगळी शोधाशोध करावीच लागली नसती. आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. नोंदणीकृत डॉक्टरने पैसे घेऊन किंवा न घेता एखाद्या औषधाची शिफारस जाहिरातीसाठी आपल्या नावासकट करू नये, असं त्यात म्हटलंय. म्हणजे उलटा हिशोब करा. पांढऱ्या कोटातला माणूस 'डॉ.' लावून तेल विकतोय. तो नोंदणीकृत ॲलोपथी डॉक्टर नसेल, तर कोट खोटा. असेल, तर तो नियम मोडतोय. दोन्हीकडून बाटली खाली ठेवावी.

आता खरीखुरी जुळलेली उदाहरणंही आहेत, ती सांगितली नाहीत तर तुम्ही म्हणाल हा माणूस नुसता शंकासुर आहे. केन जियाँग हा अमेरिकन विनोदी नट. तो खरोखर एमडी, मोठ्या इस्पितळात पोटाचे, तापाचे, रक्तदाबाचे पेशंट बघायचा. २००७ च्या 'नॉक्ड अप'मध्ये त्याला पहिलं गाजलेलं काम मिळालं, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरचं. डॉक्टर खरा, शाखा दुसरी. पुढे त्याच्याच नावाची मालिका आली, तिथे तो साध्या फिजिशियनचं काम करतो. शाखा जुळली, पण तोवर प्रॅक्टिस सुटली होती. किती बारीक फरक आहे बघा.

हाइंग न्गोर मात्र त्या यादीत असू नये, आणि हटकून असतो. कंबोडियाचा हा स्त्रीरोगतज्ज्ञ. ख्मेर रूजच्या राजवटीत शिकलेल्या माणसांना मारत होते, म्हणून त्याने डॉक्टर असणं लपवलं. त्याची बायको बाळंतपणात अडली आणि गेली. तो त्याच कामातला डॉक्टर, पण हात लावला असता तर ओळख उघडी पडून सगळ्यांचाच जीव गेला असता. या माणसाने 'द किलिंग फील्ड्स'मध्ये पत्रकाराचं काम केलं आणि ऑस्कर मिळवलं. त्याने पडद्यावर आणलं ते स्वतःचं छळछावणीतलं जगणं. डॉक्टरकी त्यात नव्हती. "खऱ्या डॉक्टरने डॉक्टरचं काम केलं" या एका ओळीत त्याला कोंबायचं म्हणजे त्याची गोष्टच पुसून टाकायची.

असंच पुसून टाकणं आपल्या छत्तीसगडच्या बाबतीत झालंय, आणि त्याचा मला खरा राग आहे.

२०१० साली 'पीपली लाइव्ह' आला. कर्जबाजारी शेतकरी नत्था. तेव्हा रायपुरातसुद्धा लोक मला सांगत होते, "तो खराच शेतकरी आहे, गावातून उचलून आणलाय." पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी तर फोन करून विचारलं. नत्थाचं काम करणारे ओंकारदास मानिकपुरी हे भिलाईचे. नाचा करणारे कलावंत. नाचा म्हणजे आपल्याकडचा रात्रभर चालणारा लोकनाट्याचा प्रकार, आपल्या तमाशाचा चुलत भाऊ म्हणा. तिथून ते हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर'मध्ये गेले. हबीबसाहेब जन्माने रायपूरचे, १९२३ चे. १९५९ मध्ये त्यांनी नया थिएटर सुरू केलं आणि पुढे नाचाचे कलावंत घेऊन 'चरणदास चोर' जगभर नेलं. म्हणजे नत्था हा आयुष्यभर रंगमंचावर उभा राहिलेल्या माणसाने केलेला अभिनय होता. चेहरा सावळा, अंग बारीक, बोली छत्तीसगडी, एवढ्यावरून लोकांनी "हा काही अभिनय करत नाही, हा असाच आहे" असं ठरवलं. नागपूर-मुंबईच्या एखाद्या नाट्यसंस्थेतल्या नटाबद्दल असं कुणी म्हटलं असतं का?

पण त्याच सिनेमात दुसरा दावा खरा निघतो. 'महंगाई डायन' हे गाणं आठवतं? पडद्यावर ढोलक-मंजिरे घेऊन बसलेल्या मंडळीबद्दल लोक म्हणतात की ती गावातलीच भजनी मंडळी होती. शूटिंग झालं मध्य प्रदेशातल्या बडवई गावात. गाण्याच्या श्रेयात रघुवीर यादव यांच्या सोबत त्या गावच्या मंडळीचं नाव आहे. भजनी मंडळीने भजनी मंडळीचंच काम केलं. एकाच सिनेमात एक दावा चूक, एक बरोबर, आणि दोन्ही एकाच जागी कळले, शेवटी वर सरकत जाणाऱ्या नावांत. ती नावं यायला लागली की आपण चपला शोधत असतो.

'कोर्ट' या मराठी सिनेमाचंही असंच. चैतन्य ताम्हाणेंचा सिनेमा, २०१४ मध्ये व्हेनिसला गाजला. "सगळे खरे वकील घेतलेत" असं मी कितीदा ऐकलं. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या अभिनेत्री, आणि बचाव पक्षाचे वकील झालेले विवेक गोम्बर हे नट, शिवाय सिनेमाचे निर्माते. पण आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. चळवळीतल्या माणसाने चळवळीतल्या माणसाचं काम केलं. जुळतं का? बरंचसं जुळतं. पण सिनेमातला कांबळे मुंबईचा शाहीर आहे, गाणी संभाजी भगत यांची आहेत. मी "हो" म्हणताना एवढं तरी सोबत सांगेन. साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. आमच्याकडून नागपूर म्हणजे एका रेल्वेचा प्रवास. भेटायचं राहून गेलं.

असो. मावशीकडे परत गेलो, मोबाईलवर नोंदणीची यादी उघडली आणि तिच्याच हातात दिली. आधी तिने स्वतःच्या डॉक्टरांचं नाव टाकलं, छत्तीसगडमध्ये. मिळालं नाही. माझ्याकडे बघून हसली, "हे पण खोटे का रे?" मग मध्य प्रदेश निवडलं. वडिलांच्या नावासकट आले, रायपूरच्या कॉलेजची पदवी, साल १९८४. मग तिने नटाचं नाव टाकलं आणि तिन्ही नोंदी चष्मा वर करून वाचल्या. बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मालिकेत मात्र छान ऑपरेशन करायचा."

गोळ्या सुरू झाल्या. तेल तिने फेकलं नाही, पैसे घातले होते ना. दाराच्या बिजागरीला घालते. आता दार करकरत नाही.